‘मार्जिन’चं मराठी काय करायचं? योजनेची स्लाइड मराठीत आणताना जागा कुठे खर्च करावी

पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. कुणाला बचत गटाच्या मीटिंगमध्ये माहिती द्यायची आहे, कुणाला गावातल्या पोरांना प्रोजेक्टरवर दाखवायचं आहे, कुणाला बँकेत स्वतःचा प्रकल्प मांडायचा आहे. हातात पीपीटी आहे ती इंग्रजीत. ती मराठीत करायची, आणि स्लाइडवर मावलीही पाहिजे. मग कुठले शब्द बदलायचे आणि कुठले तसेच ठेवायचे?

यावर दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतो सगळं शुद्ध मराठीत करा. दुसरा म्हणतो इंग्रजीच राहू द्या, लोकांना कळतं. माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे, आणि ते सांगायला मी एकच शब्द घेतो: मार्जिन.

जालन्याच्या मोंढ्यात किंवा किराणा दुकानात विचारा, “मार्जिन किती सुटतं?” उत्तर येईल, “किलोमागं चार रुपये.” म्हणजे इथे मार्जिन म्हणजे विक्रीतून सुटणारा पैसा. तोच माणूस बँकेत कर्ज मागायला गेला की साहेब विचारतात, “तुमचं मार्जिन किती?” इथे मार्जिन म्हणजे प्रकल्पात तुम्ही खिशातून घालणार ती रक्कम. महामंडळांच्या बीजभांडवल योजनेत मार्जिन म्हणतात ते महामंडळाने कमी व्याजाने दिलेल्या पैशाला. ते फेडायचं असतं. (बीजभांडवल या शब्दाचंही जालन्यात एक गमतीचं होतं. बियाण्याच्या कंपन्यांचं हे गाव, त्यामुळे ‘बियाण्याच्या धंद्याला भांडवल’ असा अर्थ लावणारा एखादा भेटतोच.) आणि पीएमईजीपीच्या कागदावर ‘मार्जिन मनी’ लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ होतो सरकारी अनुदान, म्हणजे सबसिडी.

एकच शब्द, अर्थ चार. एकात पैसा धंद्यातून येतो, एकात खिशातून जातो, एकात उसना मिळतो आणि एकात सरकार देतं. आता सांगा, स्लाइडवर ‘मार्जिन मनी ३५%’ लिहिलंय, त्याचं मराठी तुम्ही काय करणार?

‘स्वतःचा हिस्सा ३५%’ असं भाषांतर मी डोळ्यांनी पाहिलंय. बँकेच्या भाषेत ते बरोबर वाटतं, म्हणून तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटतं. पण त्याने काय होतं ते आकड्यात बघा.

समजा घनसावंगी तालुक्यातल्या एका खेड्यात एका ताईंना मसाला-पापडाचं युनिट टाकायचं आहे. प्रकल्प १० लाखांचा. या योजनेत महिला विशेष प्रवर्गात येतात, त्यामुळे त्यांनी स्वतःचे घालायचे ५ टक्के, म्हणजे ५० हजार. उरलेले साडेनऊ लाख बँक कर्ज म्हणून मंजूर करते. युनिट ग्रामीण भागात आहे, म्हणून मार्जिन मनी ३५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. ही रक्कम सरकारकडून बँकेत येते, तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहते, आणि पाहणी होऊन युनिट चालू असल्याचं दिसलं की कर्जातून वजा होते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही, आणि तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावतही नाही.

आता त्या ताईंनी ‘स्वतःचा हिस्सा ३५%’ अशी स्लाइड वाचली. त्यांच्या डोक्यात हिशोब काय बसणार? साडेतीन लाख आपण आणायचे. गटातून, सोनं ठेवून, भावाकडून मागून ५० हजार उभे राहतील. साडेतीन लाख कुठून येणार? त्या मीटिंगमधून उठून घरी जातात. विचारतही नाहीत, कारण स्लाइडवर स्पष्ट लिहिलेलं होतं.

दुसरा भाषांतरकार हुशार निघाला, त्याने सरळ ‘अनुदान ३५%’ लिहिलं. अर्थ बरोबर आहे. पण ताई घरी येऊन मोबाईलवर फॉर्म उघडतात तर तिथे दिसतं `Margin Money`. बँकेच्या पत्रावरही तेच. अनुदान शोधतात, सापडत नाही. आणि साहेब काउंटरवर “मार्जिन आणलं का?” म्हणतात तेव्हा ते ५० हजारांबद्दल बोलत असतात. म्हणजे नुसता अर्थ सांगूनही भागत नाही. ज्या शब्दावर सही करायची, तो शब्द डोळ्याखालून गेलेला पाहिजे.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. हा शब्द माणसाला पुढे फॉर्मवर, पोर्टलवर, बँकेच्या पत्रावर भेटणार आहे का? भेटणार असेल तर तो देवनागरीत तसाच ठेवा आणि त्याला लागून दोन शब्दांत सांगा की पैसा कोण देतं:

मार्जिन मनी = सरकारी अनुदान

मोजून बघा, एका ओळीत आरामात बसतं. आणि बँकेच्या भाषेतलं मार्जिन त्याच स्लाइडवर ‘स्वतःचे’ या एका शब्दात लिहा. ‘स्वगुंतवणूक’, ‘लाभार्थी अंशदान’ यांची गरज नाही.

पुढे भेटणारच नाही असा शब्द असेल तर मात्र इंग्रजीचा आग्रह कशाला? आपल्याकडे बाजाराने घासूनपुसून तयार केलेले शब्द आहेत. घसारा, उलाढाल, खेळतं भांडवल, तारण, हप्ता, मुद्दल, थकबाकी. हे शब्द इंग्रजी शब्दांपेक्षा आखूड आहेत आणि आपल्या आजोबांनाही कळत होते. ‘डेप्रिसिएशन’ लिहायला जेवढी जागा लागते तिच्या निम्म्यात ‘घसारा’ बसतो. अडलं तर शासनाचे परिभाषा कोश shabdakosh.marathi.gov.in वर आहेत. तिथे जरूर बघा, पण तिथला प्रत्येक शब्द उचलू नका. कोशातला शब्द शासनाच्या कागदासाठी केलेला असतो; तुमच्या समोर बसलेल्या माणसाने तो आधी कधी ऐकलाय का, हे कोश सांगू शकत नाही.

असाच दुसरा धोक्याचा शब्द म्हणजे मोरेटोरियम. पीएमईजीपीत सुरुवातीला बँक ठरवेल तेवढा मोरेटोरियम असतो आणि त्यानंतर ३ ते ७ वर्षांत कर्ज फेडायचं असतं. याचं मराठी बरेच जण ‘हप्त्यांत सूट’ असं करतात. आखूड आहे, गोड आहे, स्लाइडवर मस्त बसतं. पण आपल्या भागात ‘कर्ज’ आणि ‘सूट’ हे शब्द शेजारी आले की माणसाला काय आठवतं? कर्जमाफी. सहा महिने हप्ता नाही म्हणजे सहा महिन्यांचे पैसे माफ, असं तो धरून चालतो. प्रत्यक्षात व्याज चालूच असतं. समजा ६ लाखांवर ११ टक्के दर आणि ६ महिन्यांचा मोरेटोरियम, तर ३३ हजार रुपये व्याज त्या काळात होतं. धंदा अजून सुरू व्हायचा आहे आणि ३३ हजार अंगावर. मग बँकेने फसवलं म्हणून ओरड होते, आणि घोळ असतो भाषांतराचा.

इथेही तोच उपाय. शब्द ठेवायचा, कारण मंजुरीपत्रावर तो येणार आहे:

मोरेटोरियम: मुद्दल नंतर, व्याज चालू

‘सूट’ पेक्षा ही ओळ लांब आहे, मान्य. पण स्लाइडवरची जागा वाचवायची कुठे आणि खर्च करायची कुठे, हा निर्णय भाषांतर करणाऱ्याने घ्यायचा असतो. जिथे चूक झाली तर माणसाचे पैसे जातात, तिथे जागा खर्च करा. बाकी ठिकाणी कात्री चालवा.

कात्री कुठे चालवायची? मराठी लांबते ती शब्दांमुळे कमी आणि चा-ची-चे मुळे जास्त. ‘प्रकल्पाच्या एकूण खर्चाच्या रकमेच्या ५ टक्के इतकी रक्कम लाभार्थ्याने स्वतः भरणे आवश्यक राहील.’ यात कामाचे शब्द तीन: स्वतःचे, ५ टक्के, प्रकल्प खर्च. बाकी सगळी जोडणी आहे. डावीकडे नाव आणि उजवीकडे आकडा अशी मांडणी केली की प्रत्यय आपोआप गळतात. क्रियापदं सरळ आज्ञेत आणा: ‘अर्ज सादर करण्यात यावा’ नको, ‘अर्ज भरा’. इंग्रजी स्लाइडमधलं ‘कृपया नोंद घ्यावी’ छापाचं वाक्य तर पूर्ण उडवा, त्याने कुणाचं अडत नाही.

आता जागेचा हिशोब. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड जवळजवळ ३४ सेंटीमीटर रुंद असते. आपले बहुतेक प्रेक्षक व्हिडिओ फोनवर बघतात, आणि फोन उभाच धरतात. उभ्या फोनची रुंदी साधारण ७ सेंटीमीटर. म्हणजे तुमची स्लाइड पाचपट लहान होऊन समोरच्याला दिसते. २८ पॉइंटचं अक्षर त्याच्या डोळ्याला साडेपाच-सहा पॉइंटचं, औषधाच्या खोक्यावरच्या बारीक छपाईसारखं. त्यातून आपली काना-मात्रा-वेलांटी. इंग्रजी अक्षर बारीक झालं तरी ओळखू येतं, पण रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर बसलेले असतील तर नुसता ठिपका दिसतो. म्हणून मी ४० पॉइंटच्या खाली उतरत नाही. त्या मापात एका ओळीत साधारण तीस अक्षरं बसतात आणि एका स्लाइडवर पाच-सहा ओळी. एवढंच आपलं शेत, पेरायचं ते यातच.

ही तीस अक्षरं मोजायची कशी, यात एक फसगत आहे. एक्सेलमध्ये `LEN` लावून मोजू नका. ‘सूक्ष्म’ हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा आहे, पण संगणक त्यात स, ऊकार, क, हलन्त, ष, हलन्त, म असे सात तुकडे मोजतो. इंग्रजी साच्यात ‘कमाल इतकी अक्षरं’ अशी अट दिलेली असते ती त्यामुळे मराठीला जशीच्या तशी लागू पडत नाही. तोंडाने म्हणत बोटावर मोजा, किंवा सरळ स्लाइडवर टाकून बघा.

आणि टाकून बघताना दोन सेटिंग तपासा. पहिलं, मजकूर जास्त झाला की पॉवरपॉइंट गुपचूप अक्षर लहान करतं. टेक्स्ट बॉक्सवर राइट क्लिक करून `Format Shape` मध्ये जा आणि `Do not Autofit` निवडा, म्हणजे मजकूर बाहेर आला तर तो बाहेर आलेला दिसेल आणि तुम्ही शब्द कापाल. दुसरं, ओळींतलं अंतर. इंग्रजी साच्यात `Line Spacing` मध्ये `Exactly` ठेवलेलं असेल तर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या रफारावर चढतो. तिथे `Multiple` करून १.१ किंवा १.२ ठेवा. जमलंय का हे बघायला ‘पूर्तता’ हा शब्द दोन ओळींत खाली-वर टाकून बघा. त्याला खाली ऊकार आहे आणि वर रफार. दोन्ही मोकळे दिसले तर बाकी शब्दही दिसतील.

फॉन्टबद्दल जास्त बोलत नाही. युनिकोड वापरा, आणि हॉलमधल्या दुसऱ्याच्या लॅपटॉपवर दाखवायचं असेल तर सोबत पीडीएफ न्या. जुन्या डीटीपी फॉन्टमधली स्लाइड दुसऱ्या मशीनवर उघडली की काय अवतार दिसतो ते तुम्हाला माहितीच आहे.

आता ताईंच्या प्रकल्पाची स्लाइड करून बघू. पहिला प्रयत्न साधारण असा होतो:

स्वतःचे: ५०,०००
बँक कर्ज: ९,५०,०००
मार्जिन मनी = सरकारी अनुदान: ३,५०,०००

शब्द बरोबर, ओळी आखूड. तरी स्लाइड चूक आहे. का? तीन आकडे एकाखाली एक लिहिले की आपलं डोकं बेरीज करतं. बेरीज येते साडेतेरा लाख, आणि प्रकल्प तर १० लाखांचा. वाचणाऱ्याला वाटतं साडेतीन लाख वरून हातात मिळणार. हातात काहीच मिळत नाही. ते कर्जातूनच वजा होतात. मूळ इंग्रजी स्लाइडमध्ये हे खाली बारीक टिपेत लिहिलेलं असतं, आणि जागा कमी पडली की भाषांतरात सगळ्यात आधी उडते ती टीपच. म्हणून टिपेतली गोष्ट ओळीत आणायची:

प्रकल्प: १० लाख
स्वतःचे: ५० हजार
बँक कर्ज: साडेनऊ लाख
३ वर्षांनी कर्जातून वजा: साडेतीन लाख
हे वजा होणारे = मार्जिन मनी (अनुदान)

पाच ओळी. एकही ओळ तीस अक्षरांच्या पुढे जात नाही. ‘वजा’ या एका शब्दाने बेरीज थांबवली. आणि ‘९,५०,०००’ ऐवजी ‘साडेनऊ लाख’ मुद्दाम लिहिलं, कारण उभ्या फोनवर शून्यं मोजताना माणूस चुकतो. पोर्टलवर भरायचा आकडा असेल तिथे मात्र पूर्ण अंकातच लिहा. तुमचं ऐकून कुणी फॉर्ममध्ये ‘साडेनऊ’ भरायला नको!

याच योजनेतला अजून एक शब्द राहिला: स्पेशल कॅटेगरी. शासकीय मराठीत ‘विशेष प्रवर्ग’. भाषांतर अचूक आहे, दोन शब्दांत बसतं, आणि तरी मला ते स्लाइडवर नको असतं. ‘प्रवर्ग’ म्हटलं की लोकांना जातीचा दाखला आठवतो. खुल्या गटातल्या महिलेला वाटतं हे आपल्यासाठी नाही, आणि ती स्वतःला १० टक्के हिस्सा आणि २५ टक्के अनुदानाच्या रांगेत धरते. खरं तर कुठल्याही जातीची महिला या प्रवर्गात येते. तिच्या १० लाखांच्या प्रकल्पात हा फरक अनुदानाचा एक लाख आणि स्वतःच्या हिश्शाचे ५० हजार, एवढा पडतो. त्यामुळे इथे नाव काढून माणसं लिहायची: ‘महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग’. दोन ओळी जातात. जाऊ द्या. यादी याहून थोडी मोठी आहे, ती तोंडाने सांगा. पण महिला हा शब्द पहिला ठेवा.

‘रूरल’ आणि ‘अर्बन’चंही तसंच. ‘ग्रामीण’ लिहिलं की माणूस स्वतःचं राहणं बघतो. योजना बघते युनिट कुठे आहे ते. राहायला खेड्यात आणि गाळा जालना शहरात महापालिकेच्या हद्दीत घेतला, तर दर शहरी लागतो. स्लाइडवर ‘युनिट गावात’ आणि ‘युनिट शहरात’ असं लिहिलं की प्रश्नच उरत नाही, अक्षरंही वाढत नाहीत.

इथे काही जण म्हणतील, सर, हे भाषांतर राहिलं कुठे, तुम्ही तर स्लाइड नवीन लिहिताय. हो, थोडी नवीन लिहितोयच. करारनामा किंवा शासन निर्णय असता तर शब्दाला शब्द लावावा लागला असता, तिथे मला असं स्वातंत्र्य नाही. स्लाइड मात्र बोलणाऱ्याच्या मागे उभी असते. म्हणून तोंडी शब्द आणि स्लाइडवरचा शब्द एकच ठेवा. स्लाइडवर ‘मार्जिन मनी’ आणि तोंडात सारखं ‘सबसिडी’ असेल, तर ऐकणारा दोन वेगळ्या रकमा समजतो आणि दोन्ही मिळतील म्हणून वाट बघतो.

एक कोपरा मात्र रिकामा ठेवा, तारखेसाठी. पीएमईजीपीत उत्पादन प्रकल्पाची मर्यादा २५ लाखांवरून ५० लाख झाली आणि सेवा उद्योगाची १० वरून २० लाख, हा बदल २०२२ मधला. २५ लाख लिहिलेल्या जुन्या मराठी स्लाइड अजूनही व्हॉट्सॲपवर फिरतायत, आणि त्यांच्यावर तारीख नसल्यामुळे जुन्या आहेत हे कुणालाच कळत नाही. ‘माहिती: अमुक महिना, अमुक वर्ष’ एवढी ओळ लिहा, आणि दाखवायच्या आदल्या दिवशी आकडे जिल्हा उद्योग केंद्रात किंवा पोर्टलवर पडताळून घ्या.

तुमच्याकडे इंग्रजी स्लाइड असेल आणि एखाद्या शब्दावर गाडी अडली असेल, तर तो शब्द आणि ती पूर्ण ओळ कमेंटमध्ये टाका. नुसता शब्द टाकू नका. मार्जिनसारखा निघाला तर ओळीशिवाय त्याचा अर्थ मलाही सांगता येणार नाही.